मेसच्या टेबलावरची मैत्री: घाई न करता पुढे कसे जावे

पुण्यात नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाचा आठवडा सोमवार ते शनिवार कसाबसा निघून जातो. अडते ते रविवारी संध्याकाळी. बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री चूल बंद असते. दुपारची पुरी-भाजी आणि गोड खाऊन झोपलेला माणूस साडेपाचला उठतो, खोलीतले बाकीचे गावाला किंवा नातेवाइकांकडे गेलेले असतात, घरी फोन करून झालेला असतो, आणि रात्री काय खायचे या साध्या प्रश्नातून तो मेसमधल्या कोणाला तरी मेसेज करतो. ‘जेवायला बाहेर येतेस का?’ पुण्यातल्या कितीतरी प्रेमकथांची सुरुवात या एका वाक्याने झालेली आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच सहा महिन्यांत का संपल्या याचे कारणही याच वाक्यात आहे.

हा लेख अशा मैत्रीविषयी आहे. दोघेही शहरात नवे आहेत, एकमेकांचा आधार वाटतो आहे, आणि दोघांपैकी एकाला तरी असे वाटू लागले आहे की हे मैत्रीपेक्षा काही वेगळे असावे. तसे असेल तर पुढे जाण्याला माझी हरकत नाही. फक्त त्या ओढीत माणसाचा वाटा किती आणि एकटेपणाचा किती हे आधी कळायला हवे, आणि ते कळायला वेळ लागतो. तो वेळ कसा घालवावा एवढेच मी सांगणार आहे.

माझी चूक आधी सांगून टाकते. मी 2011 साली नांदेडहून आले आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहू लागले. दुसऱ्याच महिन्यात मला सणसणून ताप भरला. मेसमधल्या एका मुलाने तीन दिवस दोन्ही वेळचा डबा आणून दिला; खाली उभा राहून फोन करायचा, वर यायची परवानगी नव्हती म्हणून मैत्रिणीच्या हातात डबा द्यायचा, त्यात मऊ भात आणि वर लिंबाची फोड असायची. बरी झाल्यावर आम्ही झेड ब्रिजवर गेलो, त्याने विचारले आणि मी हो म्हणाले. मला तेव्हा खरोखरच ते प्रेम वाटले होते. पाच महिन्यांनी माझ्या मैत्रिणी झाल्या, ऑफिसात जम बसला, ताप आल्यावर डबा आणून देणारी आणखी चार माणसे जोडली गेली, आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की या मुलाशी बोलायला माझ्याकडे विषयच नाही. तो चांगला मुलगा होता, त्याचे काहीच चुकले नव्हते. मी कृतज्ञतेला वेगळे नाव दिले होते, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली.

पहिली पायरी: आपोआप किती, ठरवून किती

नव्या शहरातली मैत्री बहुतेक वेळा वेळापत्रकातून जन्मते. एकाच तुकडीत रुजू झालेले, एकाच कॅबच्या मार्गावरचे, एकाच मेसच्या टेबलावरचे लोक एकमेकांना रोज भेटतात, कारण त्यांना भेटावेच लागते. त्यामुळे ‘आम्ही रोज दोन तास बोलतो’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. गेल्या पंधरा दिवसांतल्या भेटी आठवून पाहाव्यात आणि त्यांतल्या आपोआप झालेल्या किती आणि कोणीतरी मुद्दाम ठरवलेल्या किती हे मोजावे. मग मुद्दाम ठरवलेल्यांपैकी निम्म्या तरी समोरच्याने ठरवल्या होत्या का, हेही पाहावे. दर वेळी पहिला मेसेज आपलाच जात असेल, तर महिनाभर हात आवरून पाहावा. ही परीक्षा समोरच्याची नसून आपल्याला दिसणाऱ्या चित्राची आहे, म्हणून तिच्याविषयी त्याला किंवा तिला ऐकवू नये आणि रुसूही नये.

इथे भाषेचा एक सापळा आहे आणि तो बाहेरून आलेल्या मुलांना हमखास अडकवतो. लातूर-परभणीकडच्या किंवा लहान गावातून आलेल्या मुलाला समवयस्क मुलीने ‘अरे, तू जेवलास का?’ असे विचारणे ही मोठी गोष्ट वाटते, कारण त्याच्या कॉलेजात मुलींशी बोलणेच मोजके आणि अहो-जाहोचे असते. पुण्यातल्या ऑफिसात मात्र पहिल्या तासाभरातच सगळे एकमेकांना अरे-तुरे करू लागतात. इथल्या ‘तू’मध्ये सोय आहे, जवळीक असेलच असे नाही. उलट बाजूनेही हे घडते. एखादा मुलगा तीन महिने ‘तुम्ही’च म्हणत राहतो, आणि त्याला रस नाही असे मुलगी समजते, प्रत्यक्षात त्याची जीभ वळत नसते, एवढेच.

दुसरी पायरी: रविवारची संध्याकाळ दुसरीकडे भागवावी

शहरात आल्यानंतरचे पहिले तीन महिने, मन कितीही ओढले तरी, प्रेमाचा विषय काढू नये असे माझे ठाम मत आहे. नोकरी बहुधा प्रोबेशनवर असते, खोली बदलायची असते, बसचे मार्ग अजून पाठ झालेले नसतात, आणि या सगळ्या अस्थिरतेत जो कोणी स्थिर दिसतो तो आवडू लागतो. हे तीन महिने मैत्री थांबवून ठेवण्यासाठी नाहीत. रोजच्यासारखे जेवावे, हसावे, भांडावे. त्याबरोबर एक काम मात्र करावे: आपल्या गरजांपैकी निदान दोन गरजा या एका माणसाच्या बाहेर भागतील अशी सोय करावी.

पुण्यात अशी सोय करणे अवघड नाही, पण ती सोय आठवड्याच्या ठरलेल्या वेळेची असली पाहिजे. एखाद्या दिवशी कुठे तरी जाऊन आल्याने ओळखी होत नाहीत. तीच माणसे सहा-सात वेळा पुन्हा दिसावी लागतात. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर सकाळी ठरलेल्या वेळी जाणारे गट असतात आणि त्यांत नवा माणूस तिसऱ्या-चौथ्या खेपेला आपोआप ओळखीचा होतो. गणपतीच्या आधीचे महिने असतील तर ढोल-ताशा पथकाच्या सरावाइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे रोज संध्याकाळी हात दुखेपर्यंत वाजवायचे असते आणि बोलायला कोणाला फारशी सवडच नसते. लाजऱ्या माणसासाठी हे वरदान आहे. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले परदेशी भाषांचे वर्ग, एखादे वाचनालय, पावसाळ्यातले ट्रेक, काहीही चालेल. या ठिकाणी आवडत्या व्यक्तीला बरोबर नेऊ नये, एवढीच अट आहे. दोघे मिळून गेलात तर कोपऱ्यात एकमेकांशीच बोलत बसाल, आणि मग नव्या ओळखी व्हायच्या कशा?

दोन-अडीच महिन्यांनी फरक जाणवतो. रविवारी संध्याकाळी तिला किंवा त्याला मेसेज केला नाही तरी संध्याकाळ जाते, हे एकदा अनुभवले की जे काही उरते ते पाहण्यासारखे असते. काही वेळा काहीच उरत नाही. चांगली मैत्री राहते आणि आपण वाचलो असे वाटते. काही वेळा संध्याकाळ उत्तम जाते आणि तरीही घरी येताना वाटते की आज जे घडले ते त्या एका माणसालाच सांगावे.

एक जोडी जवळून

पुढचे सगळे मी माझ्या ओळखीच्या दोघांच्या आधाराने सांगते. नावे सांगत नाही. तो उदगीरचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. ती कुडाळची, त्याच भागातल्या दुसऱ्या कंपनीत हिशेबाच्या कामाला. दोघेही एका जुलैमध्ये आले आणि वाकडच्या एका मेसमध्ये चौघांच्या टेबलावर बसू लागले. पहिल्याच आठवड्यात त्याने फोनवर मित्राला ‘काय करलालास?’ असे विचारलेले तिने ऐकले आणि ती हसू आवरू शकली नाही. मग तिने त्याला मालवणी शिकवायला घेतले. तो ‘खंय गेल्लंस?’ असे विचारायचा तेव्हा त्याचा लहेजा असा काही व्हायचा की टेबलावरचे बाकीचे दोघे जेवण थांबवायचे.

सप्टेंबरपर्यंत त्याला ती आवडू लागली होती. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याने पुढच्या शनिवारी तिला गाडीवर सिंहगडला नेऊन तिथेच विचारायचे ठरवले होते. मी त्याला एकच प्रश्न विचारला: ती नाही म्हणाली तर ती परत कोणाच्या गाडीवर येणार? तो गप्प झाला.

दिवाळीपर्यंत थांबायचे ठरले. नव्याने आलेल्यांसाठी दिवाळी ही फार उपयोगी घटना आहे, कारण दोघेही आपापल्या घरी, भरल्या माणसांत, सहा-सात दिवस असतात. एकटेपणा शून्यावर आलेला असतो. त्या दिवसांत आठवण आली का, हा प्रश्न पुरेसा नाही. नेमके काय आठवले, हे पाहायचे असते. ‘पुण्यात परत गेल्यावर पुन्हा ती बोळकंडीतली खोली’ असे वाटून जीव कासावीस होणे वेगळे. भाऊबीजेला आत्याने सांगितलेली गोष्ट ऐकताना ‘हे तिला सांगितले तर ती अमुक म्हणेल’ असे तिचे नेमके उत्तर मनात ऐकू येणे वेगळे. त्याच्या बाबतीत दुसरे घडले. आईने सुसला केला तेव्हा त्याला आठवले की कोकणातल्या माणसाला हा प्रकार माहीत नसतो, आणि त्याने फोटो पाठवला. तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, एका ओळीचे आणि खोडकर. उत्तर उशिरा आले म्हणून तो बेचैन झाला नाही, आणि मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. गरजेतून आलेल्या ओढीला उत्तर लागलीच हवे असते.

तिसरी पायरी: टेबलावरून दोघांच्या भेटीकडे

गटातली मैत्री दोघांची करताना बहुतेकांची गडबड होते, कारण ते एकदम मोठा कार्यक्रम आखतात. पहिली भेट छोटी, दिवसाउजेडाची आणि आपोआप संपणारी असावी. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून उतरायला आणि खाली चहा घ्यायला दीड तास पुरतो. अप्पा बळवंत चौकात एखादे पुस्तक शोधायचे असेल तर तेही चांगले निमित्त आहे, कारण हातात काम असले की बोलणे मोकळे होते आणि शांतता आली तरी ती टोचत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बालगंधर्वला किंवा भरत नाट्य मंदिरात नाटक पाहावे. तीन तास शेजारी बसून एकाच गोष्टीवर कोण कुठे हसते हे कळते, आणि मध्यंतरात वडा खाताना त्यावर बोलता येते. मुळशी, लोणावळा, सिंहगड ही ठिकाणे यानंतरची आहेत.

या सगळ्या भेटींत मी एक नियम कटाक्षाने पाळायला सांगते: परतीचा रस्ता ज्याचा त्याचा असावा. जिथून दुसरी व्यक्ती स्वतःच्या पायाने, बसने, मेट्रोने किंवा रिक्षाने केव्हाही निघू शकते अशाच ठिकाणी भेटावे. तिला नकोसे वाटले तर ती ‘चल, निघते’ म्हणू शकली पाहिजे. जी व्यक्ती जाऊ शकते तिचेच थांबणे काहीतरी सांगते. रोज रात्री गाडीवर सोडायला जाण्याची सवयही याच कारणासाठी लावू नये. आठव्या दिवशी ते उपकार होतात आणि पंधराव्या दिवशी त्यांचा हिशेब मनात सुरू होतो. बिल निम्मे-निम्मे किंवा आळीपाळीने द्यावे. दर वेळी एकानेच पैसे देणे हे प्रेम दाखवण्याचा मार्ग म्हणून आपल्याकडे फार चालते, पण नाही म्हणणे त्याने जड होते.

समोरच्याला रस आहे की नाही हे नकाराच्या पद्धतीवरून चांगले कळते. ‘या शनिवारी नाही जमणार’ हे एक वाक्य आहे, आणि ‘या शनिवारी नाही जमणार, पण पुढच्या रविवारी सकाळी मी मोकळी आहे’ हे वेगळे वाक्य आहे. पहिल्या प्रकारचे उत्तर लागोपाठ दोनदा आले, तर तिसऱ्यांदा विचारू नये आणि मेसच्या टेबलावर पूर्वीसारखेच वागावे. पुढाकार पुन्हा यायचाच असेल तर तो तिकडून येईल.

आपल्या जोडीच्या बाबतीत जानेवारीत एक अनपेक्षित गोष्ट झाली. तिच्या टीमला खराडीच्या ऑफिसात हलवले आणि तिने तिकडेच खोली घेतली. वाकड आणि खराडी ही शहराची दोन टोके आहेत. मेसचे टेबल संपले, आपोआप होणाऱ्या भेटी संपल्या. त्याला हे संकट वाटले. मला मात्र वाटले की पहिल्या पायरीवरची मोजणी आता शहरच करून देईल. ती मेट्रोने रामवाडीहून डेक्कन जिमखान्याला येऊ लागली, तो वाकडहून बसने, आणि दोन आठवड्यांतून एकदा शनिवारी सकाळी ते डेक्कनला भेटू लागले. एकेका भेटीसाठी दोघांचाही प्रवासात बराच वेळ जायचा. पाच भेटींपैकी तीन तिने ठरवल्या होत्या.

चौथी पायरी: विचारण्याआधीचे तीन विषय

आपण आवडतो असे दिसू लागले, की लगेच बोलून टाकण्याचा मोह होतो. त्याआधी तीन गोष्टी साध्या गप्पांत कळलेल्या असाव्यात. पहिली, घरी स्थळे पाहायला सुरुवात झाली आहे का. पंचविशी ओलांडलेल्या मुलीच्या घरी बायोडेटा फिरत असतो आणि ती पुण्यात आहे म्हणून घरचे ‘पुण्यातलाच मुलगा’ शोधत असतात. हे माहीत नसताना दोन वर्षांच्या संथ प्रेमाची योजना आखणे व्यर्थ आहे. दुसरी, पुण्यात राहायचे आहे का. ऑनसाइट, बंगळुरू, स्पर्धा परीक्षा, घरची शेती, यांपैकी काही डोक्यात आहे का. तिसरी, जात आणि धर्म याबाबतीत घर कसे आहे. हा तिसरा विषय आपण फार टाळतो आणि मग दीड वर्षाने ‘घरी चालणार नाही’ हे वाक्य ऐकतो, जे पहिल्या महिन्यातही तितकेच खरे असते. उत्तर अडचणीचे असले म्हणून थांबलेच पाहिजे असे नाही, पण दोघांनाही डोळे उघडे ठेवून पुढे जाता येते.

दोघे एकाच कंपनीत असाल तर आणखी एक गोष्ट तपासावी. एकाचे मूल्यमापन, रजा किंवा पगारवाढ दुसऱ्याच्या हातात असेल तर विचारूच नये. आधी टीम बदलून घ्यावी किंवा विषय सोडावा, कारण त्या परिस्थितीत मिळालेल्या होकाराचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. अशा नात्यांची माहिती एचआरला द्यावी असा नियम काही कंपन्यांत असतो, तो वाचून घ्यावा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा नकोशा वागण्याविषयी बोलतो, आणि नकार मिळाल्यावर पुन्हा पुन्हा विचारत राहणे हे त्या ‘नकोशा’त सहज बसते. त्या कायद्यानुसार कंपनीने दिलेले वाहनही कामाच्या ठिकाणातच मोडते, हे कॅबमध्ये मागच्या सीटवर धीर एकवटणाऱ्यांना बहुधा माहीत नसते.

पाचवी पायरी: विचारणे

हे समोरासमोर, शांत वेळी, दिवसा आणि दोघांतच करावे. वाढदिवशी करू नये, मित्रांना आधी सांगून गुलाब-केकचा देखावा करू नये, मद्य घेतल्यावर करू नये, आणि मेसेजवर तर मुळीच करू नये, कारण मेसेजचे उत्तर देण्याआधी तो चार मैत्रिणींना दाखवला जातो आणि मग उत्तर त्या चौघींचे येते. भेटीच्या शेवटच्या वीस मिनिटांत विचारावे, म्हणजे नंतर दोघांना आपापल्या वाटेने जाता येते.

शब्द साधे असावेत. त्याने मार्चमधल्या एका शनिवारी संभाजी उद्यानात, बाकावर बसून, जवळजवळ असे म्हटले: ‘मला तू आवडतेस, मैत्रिणीपेक्षा जास्त. आज उत्तर नकोय. तुला वेळ हवा तेवढा घे. नाही म्हणालीस तर वाईट वाटेल, पण मी पुन्हा विचारणार नाही आणि आपली मैत्री हवी की नको हे तू ठरव.’ या बोलण्यात चार गोष्टी होत्या आणि चारही आवश्यक आहेत: काय वाटते, उत्तराची घाई नाही, नकारानंतर पाठपुरावा नाही, आणि मैत्रीचे पुढे काय हे तिच्या हाती. ‘तुझ्याशिवाय मी या शहरात राहू शकत नाही’ हे वाक्य मात्र कोणीही वापरू नये. ते खरे असेल तर दुसरी पायरी अजून झालेली नाही.

त्यानंतर तो उठला आणि बस पकडायला गेला. पुढचे बारा दिवस त्याने तिला त्याविषयी एक अक्षरही लिहिले नाही. नेहमीच्या गोष्टी मात्र लिहिल्या, कारण एकदम गप्प होणे हाही दबावच असतो. त्या बारा दिवसांत तो तीन वेळा माझ्याकडे येऊन बसला आणि माझे दोन डबे चिवडा संपवला.

उत्तर नाही असे आले तर काय करायचे? ‘बरं, सांगितलंस हे चांगलं केलंस’ इतके म्हणावे आणि कारण विचारू नये. तीन-चार आठवडे दोघांच्या भेटी बंद ठेवाव्यात, गटात आले-गेले चालेल. टेबलावरच्या इतरांना यातले काही कळू देऊ नये. नकार देणाऱ्याला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा नकार द्यायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि इथेच दुसरी पायरी कामाला येते. ज्याच्या रविवारी एकच माणूस असतो त्याला नकार पचत नाही. ज्याला सकाळी टेकडीवर आठ जण हाक मारतात त्याला तो पचतो, थोडा वेळ लागला तरी.

‘बघू’, ‘आत्ता काही सांगता येत नाही’ अशी उत्तरेही येतात. त्यांना होकार समजू नये आणि नकारही समजू नये. महिनाभर थांबावे, आणि तरी काही आले नाही तर ते नाहीच आहे असे धरून आपण आपली वाट सुधारावी.

होकारानंतर

तिचे उत्तर होकाराचे होते, पण तिच्या अटींसह. मे महिन्यात कुडाळला गेल्यावर आईला ती स्वतः सांगणार होती, तोपर्यंत कोणीही फोटो टाकायचा नाही. आणि रविवारची संध्याकाळ एकाआड एक स्वतःची ठेवायची. ही दुसरी अट मला फार आवडली, कारण होकारानंतर पहिले काम लोक हेच करतात की जोडलेल्या सगळ्या ओळखी सोडून देतात आणि दोघांचे मिळून एक नवे एकटेपण तयार करतात. तिचा कथकचा वर्ग आणि त्याचा टेकडीवरचा गट दोन्ही चालू राहिले.

पुण्यात आणखी एक घाई होते ती घराची. दोन खोल्यांचे भाडे वाचेल, या हिशेबाने जोडपी तिसऱ्या महिन्यात एकत्र घर शोधू लागतात. इथे घरे बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर मिळतात, डिपॉझिट अडकते, करारात लॉक-इन असेल तर मुदतीआधी सोडल्यास भाडे भरावे लागते, आणि लग्न न झालेल्या दोघांना कित्येक सोसायट्या दारातूनच परत पाठवतात, मग खोटे सांगितले जाते. नाते चार महिन्यांचे आणि करार अकरा महिन्यांचा असला, की भांडण झाल्यावरही दोघे केवळ करारासाठी एका छताखाली राहतात. त्यामुळे निदान एक पूर्ण करार आपापल्या खोलीत काढावा. घरी सांगून झालेले असावे, एकमेकांचा आजार, एकमेकांचा पगार उशिरा झालेला महिना आणि एक तरी मोठे भांडण पाहून झालेले असावे. त्यानंतर हवे तर दलालाला फोन करावा.

मे महिन्यात तिने आईला सांगितले. आईने आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी ‘उदगीर म्हणजे नक्की खंय?’ असे विचारले. जूनमध्ये त्याचा वाकडचा करार संपला तेव्हा त्याने तीच खोली आणखी अकरा महिन्यांसाठी घेतली. ती खराडीतच आहे. शनिवारी सकाळी ते अजून डेक्कनला भेटतात, आणि त्याच्या मेसमध्ये फीस्टला बासुंदी असेल त्या रविवारी ती तासाभराचा प्रवास करून त्या जुन्या टेबलावर येते, जेवते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आपल्या खोलीवर परत जाते.